आधी रक्त, मग गोळी: किडनी बदलल्यावर क्रिएटिनिन चढलं तर या चुका टाळा

किडनी बदललेल्या माणसाचं क्रिएटिनिन चढलं की घरचे आधी ताटात चूक शोधतात. डाळ जास्त झाली का, भरीत तिखट होतं का, लग्नातल्या जेवणाने झालं का. जळगावला बसून मी खानदेशातले असे पेशंट बघतो. शस्त्रक्रिया त्यांनी मुंबईला, पुण्याला नाहीतर नाशिकला करून घेतलेली असते आणि पुढची वर्षानुवर्षांची तपासणी इकडे चालते. ताटातली चूक मला फारशी सापडत नाही. सापडते ती गोळीच्या वेळेत, रक्त देण्याच्या वेळेत, नाहीतर ‘थोडंच वाढलंय, आखाजी होऊ दे मग बघू’ या वाक्यात.

एकाच पेशंटची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण त्यात दोन चुका एकामागे एक झाल्या आणि तिसरी थोडक्यात टळली. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

अमळनेरकडचे चौतीस वर्षांचे गृहस्थ. आईची किडनी बसवून अडीच वर्षं झालेली. क्रिएटिनिन कायम १.२ च्या आसपास. औषधं नेहमीची तीन: टॅक्रोलिमस २ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, मायकोफेनोलेट आणि रोजची ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. टॅक्रोलिमसची लेव्हल सहा ते सातच्या मधे. पहिलं वर्ष उलटल्यावर बहुतेकांची लेव्हल पाच ते आठच्या आसपास ठेवतात. प्रत्येक केंद्राचा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून शेजारच्या पेशंटच्या लेव्हलशी आपली तुलना करू नये.

मार्चमध्ये त्यांची लेव्हल आली १३.६. तो रिपोर्ट फोनवरून एका डॉक्टरांना वाचून दाखवला गेला, ‘लेव्हल फार वाढलीय’ असं ठरलं आणि डोस निम्मा झाला, २ ऐवजी १ मिलिग्रॅम. त्या दिवशी क्रिएटिनिन १.२ च होतं, म्हणून सगळे निवांत.

## पहिली चूक: लेव्हलच्या दिवशी गोळी आधी घेणं

नंतर मी त्यांना त्या सकाळबद्दल विचारलं. उत्तर सरळ होतं: “सायेब, गोयी ते सातलेच लि लिधी.” सात वाजता गोळी, मग गाडी आणि नऊच्या सुमारास जळगावला रक्त. गोळी चुकू नये हे त्यांना इतकं पक्कं शिकवलं होतं की लेव्हलच्या दिवशी ती थांबवायची असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

टॅक्रोलिमस घेतल्यावर एक ते तीन तासांत रक्तातलं प्रमाण शिखरावर जातं आणि मग हळूहळू उतरतं. लेव्हल मोजायची ती शिखरावरची नव्हे, तळातली, म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीची. पाच ते आठ हा जो आकडा डॉक्टर सांगतात तो त्या तळाचाच. गोळीनंतर दोन तासांनी घेतलेल्या रक्तात १३.६ येणं यात नवल काहीच नाही. त्या दिवशी त्यांची खरी लेव्हल नेहमीसारखीच साडेसहाच्या आसपास असणार. डोस निम्मा केला की लेव्हलही साधारण निम्म्यावर येते. म्हणजे त्या फोननंतर ती तीनच्या आसपास उतरली आणि पुढचे कित्येक आठवडे तिथेच राहिली. आईची किडनी असली तरी शरीराच्या दृष्टीने ती परकीच, आणि तिच्यावर धावून जाणाऱ्या पेशींना आवर घालणारं मुख्य औषध अर्ध्यावर आलं.

हे ओळखायला दोन खुणा हाताशी होत्या. टॅक्रोलिमस खरोखरच जास्त झालं की बहुतेकांचे हात थरथरतात, चहाचा कप धरला तरी कळतं. बीपी आणि साखर चढते, पोटॅशियम वाढतं आणि क्रिएटिनिनही वर सरकतं. इथे यातलं काहीच नव्हतं. लेव्हल दुप्पट आणि माणूस ठणठणीत असेल तर डोसला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता दिलं? उत्तर नीट मिळालं नाही तर लेव्हल पुन्हा करायची. दुसऱ्यांदा तपासणीचे पैसे जातात हे मला कळतं, पण पुढचा खर्च वाचल्यावर ते कमीच वाटतील.

बाहेरगावहून येणाऱ्यांनी हिशोब रक्त देण्याच्या वेळेपासून उलटा करावा. जळगावला पोचून रक्त द्यायला नऊ वाजणार असतील तर आदल्या रात्रीची गोळी नऊला घ्यायची. सकाळची गोळी शर्टाच्या खिशात ठेवायची आणि रक्त दिल्यावर लॅबच्या बाकावर बसूनच घ्यायची. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. दिवसातून एकदाच घेण्याची लांब चालणारी टॅक्रोलिमस असेल तर हाच हिशोब चोवीस तासांचा होतो. चिठ्ठीवर दोन वेळा लिहून घ्या, शेवटच्या गोळीची आणि रक्ताची. या दोन वेळा नसलेला लेव्हलचा रिपोर्ट मी वाचतो, पण त्यावर डोस बदलत नाही.

## दुसरी चूक: उन्हाळ्यावर ढकलणं

एप्रिलच्या शेवटी त्यांचं क्रिएटिनिन १.५ आलं. आता खानदेशातला एप्रिल-मे काय असतो हे भुसावळच्या तापमानाच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की ज्यांची स्वतःची किडनी धडधाकट आहे त्यांचंही क्रिएटिनिन पाणी कमी पडल्याने हलतं. म्हणून गावात सल्ला मिळाला, ‘ऊन आहे, पाणी वाढवा, आखाजीनंतर पुन्हा करू.’ सल्ला अर्धा बरोबर होता. पाणी वाढवून बघायलाच हवं होतं, पण दोन दिवस, तीन आठवडे नव्हे.

पाणी कमी पडल्यामुळे चढलेलं क्रिएटिनिन पाणी भरून निघालं की लगेच, बहुधा दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. सोबत इतर खुणाही असतात: वजन एक-दोन किलोने घटलेलं, बीपी खाली, लघवी कमी आणि गडद, युरिया क्रिएटिनिनच्या मानाने जास्त वाढलेला. या गृहस्थांचं वजन जिथल्या तिथे होतं. बीपी उलट वर गेलं होतं, १५० वर ९४. लघवी नेहमीसारखी होत होती. पेशंट इथेच फसतो. लघवी भरपूर होतेय म्हणजे किडनी ठीक आहे, असा हिशोब तो मनाशी करतो. रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर बसवलेली किडनी नाकारू लागतं तेव्हा, लघवीचं प्रमाण बराच काळ सुटत नाही, सुटते ती गाळण्याची ताकद. ताप येईल, बसवलेल्या किडनीच्या जागी दुखेल, सूज येईल, ही जुनी पाठ्यपुस्तकातली लक्षणं हल्लीच्या औषधांवर असलेल्या पेशंटमध्ये क्वचितच दिसतात. बहुतेक वेळा कागदावरचा आकडा सोडला तर काहीच दिसत नाही.

१.५ हा आकडा लॅबच्या छापील मर्यादेच्या जरासाच वर, पुष्कळदा ठळकही न केलेला. पण छापील मर्यादा बघायचीच नसते. स्वतःचा नेहमीचा आकडा बघायचा. १.२ वरून १.५ म्हणजे पाव हिस्सा वाढ, आणि बसवलेल्या किडनीत तेवढी वाढ कारण सापडेपर्यंत संशयित धरायची. हे जमायचं तर दर वेळी एकाच लॅबला जायला हवं. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या की एक-दोन दशांशांचा फरक असाच पडतो आणि मग खरी वाढ कोणती, लॅबची कोणती हेच कळेनासं होतं. आमच्याकडे पेशंट एकदा जळगावला, एकदा धुळ्याला, एकदा लग्नाला गेला म्हणून सुरतला तपासतो. त्या तीन आकड्यांची रेघ काढता येत नाही.

जुलाब लागले असतील तर मात्र चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. जुलाबात टॅक्रोलिमस रक्तात कमी जाईल असं कुणालाही वाटेल, पण होतं उलट. हे औषध आतड्याच्या अस्तरात बऱ्यापैकी मोडलं जातं. ते अस्तर दुखावलं की मोडणं कमी होतं आणि लेव्हल चढते. वरून पाणी कमी पडलेलं. दोन्हींनी क्रिएटिनिन वाढतं आणि ते रिजेक्शन नसतं. म्हणून जुलाब थांबेपर्यंत नुसती वाट न बघता लेव्हल करून घ्यायची. डोस कमी करायचा की नाही हे ती लेव्हल ठरवेल, गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

## तिसरी चूक: बायोप्सी न करता स्टेरॉइड

मेच्या मध्यावर ते माझ्याकडे आले तेव्हा क्रिएटिनिन १.९ होतं. दोन दिवस पाणी नीट भरलं, तरी १.९ च. सोनोग्राफीत किडनीला अडथळा नाही, डॉप्लरमध्ये रक्तपुरवठा चांगला. लघवीत पूपेशी नाहीत, प्रोटीन नाममात्र. आणि या वेळी बारा तासांच्या हिशोबाने नीट घेतलेली टॅक्रोलिमसची लेव्हल ३.१.

इतकं दिसल्यावर कुणीही म्हणेल, रिजेक्शनच आहे, द्या तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं. पेशंटच्या भावाचंही तेच म्हणणं होतं. सुई आणि मुंबईची फेरी दोन्ही वाचली असती. मी तयार झालो नाही, आणि त्याचं कारण बीके नावाचा विषाणू. तो बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की बसवलेल्या किडनीत जागा होतो. क्रिएटिनिन तसंच गुपचूप चढतं. बायोप्सीतही तशाच पेशींची गर्दी दिसते. पण उपाय नेमका उलटा, औषधं कमी करायची. बीके असताना स्टेरॉइडचा मारा केला तर किडनी विषाणूच्या तोंडी दिल्यासारखं होतं. रक्तातली बीकेची तपासणी आणि बायोप्सीवरचा विषाणूचा खास रंग, या दोन्हींतून तो वगळला जातो. लेव्हल ३.१ असल्याने संशयाचा काटा रिजेक्शनकडे झुकत होता हे खरं, पण तेवढ्यावर भागत नाही.

बसवलेल्या किडनीची बायोप्सी मूळ किडनीपेक्षा सोपी असते. ही किडनी पोटाच्या खालच्या भागात, कातडीखाली बोटभर अंतरावर असते. पेशंट पाठीवर झोपतो, जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई जाते. नंतर काही तास आडवं पडून राहायचं आणि लघवीचा रंग बघायचा. थोडी गुलाबी झाली तर बहुतेक आपोआप निवळते. लाल झाली, गाठी आल्या किंवा लघवी अडली तर लगेच सांगायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायचं, सुई टेबलावर आल्यावर नव्हे.

त्यांच्या केंद्रातून रिपोर्ट आला. पेशंटच्या हातात हा कागद पडतो तेव्हा खालची ओळ वाचून घाबरायला होतं:

```
i2 t2 v0 g0 ptc0 C4d0 ci1 ct1
```

ही भाषा बॅनफ वर्गीकरणाची. कॅनडातल्या बॅनफ गावी १९९१ साली जमलेल्या तज्ज्ञांनी ती सुरू केली आणि अजूनही काही वर्षांनी तिच्यात सुधारणा होत असतात. प्रत्येक अक्षर किडनीतली एक जागा किंवा एक बदल दाखवतं आणि अंक शून्य ते तीन अशी तीव्रता. पहिली दोन अक्षरं बघा. `i2` म्हणजे नलिकांच्या मधल्या जागेत सुजेच्या पेशी पाव ते अर्ध्या भागात पसरलेल्या. `t2` म्हणजे त्या पेशी नलिकांच्या भिंतीत घुसलेल्या. हे दोन्ही मिळून झालं पेशींकडून होणारं तीव्र रिजेक्शन, दर्जा १ अ. `v0` म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तराला धक्का नाही, हा मोठा दिलासा. तिथे एक किंवा दोन असता तर रिजेक्शन वरच्या दर्जाचं ठरलं असतं आणि नुसत्या स्टेरॉइडवर भागण्याची खात्री कमी झाली असती. `g`, `ptc` आणि `C4d` हे तिघे अँटीबॉडीच्या हल्ल्याच्या खुणा सांगतात, ते तिन्ही शून्य. रक्तातही आईच्या पेशींविरुद्धची अँटीबॉडी सापडली नाही. विषाणूचा रंग निगेटिव्ह.

शेवटचे दोन, `ci1` आणि `ct1`, हे व्रणाचे. थोडासाच भाग तंतुमय झालेला. तिथे सुधारणा होत नाही, पण तो अजून लहान होता.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट आधी बघावी: तुकड्यात किती ग्लोमेरुलाय, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, आणि किती धमन्या आल्या. दहा ग्लोमेरुलाय आणि दोन धमन्या असतील तर नमुना पुरेसा. चार-पाच ग्लोमेरुलाय आणि धमनी एकही नाही, अशा तुकड्यावर ‘रिजेक्शन नाही’ लिहिलेलं असलं तरी त्यावर निर्धास्त होऊ नये, कारण धमनीच आली नसेल तर `v` बद्दल काही बोलताच येत नाही. त्यांच्या तुकड्यात चौदा आणि दोन होत्या.

मग मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम, रोज एक, तीन दिवस शिरेतून. साखर वाढली, ती काही दिवस इन्सुलिनवर सांभाळली. टॅक्रोलिमस परत २ मिलिग्रॅमवर आणलं, पुढची लेव्हल ७ आली. क्रिएटिनिन १.९ वरून दोन-तीन आठवड्यांत १.४ वर उतरलं आणि तिथे थांबलं. १.२ परत आलं नाही. त्यांचा नवा ‘नेहमीचा आकडा’ १.४, आणि यापुढची प्रत्येक वाढ त्याच्याशी ताडायची. या उपचारानंतर जंतुसंसर्ग टाळायला कोट्रायमॉक्साझोलची गोळी देतात. ती क्रिएटिनिन जराशी वर दाखवू शकते, किडनी बिघडलेली नसतानाही. म्हणून ती सुरू झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवायला सांगितलं, नाहीतर पुढच्या रिपोर्टला पुन्हा धावपळ.

## तीव्र आणि जुनाट, यात घोळ

बरेच जण समजतात, पहिल्या काही महिन्यांत झालं ते तीव्र आणि वर्षांनी झालं ते जुनाट. तसं नाही. वरचं रिजेक्शन अडीच वर्षांनी झालं तरी तीव्रच. फरक काळाचा नाही, किडनीत काय दिसतं त्याचा आहे. तीव्र म्हणजे सूज, आणि सूज बऱ्याच अंशी उतरवता येते. जुनाट म्हणजे सूज पुन्हा पुन्हा येऊन, किंवा अँटीबॉडी मंदपणे काम करत राहून तयार झालेले व्रण आणि जाड झालेल्या भिंती. ते उतरत नाहीत.

दुसरं उदाहरण थोडक्यात. रावेर भागातले केळी उत्पादक, किडनी बसवून सात वर्षं. गोळी बंद त्यांनी कधीच केली नाही. पण शेतीची लाईट रात्रीची असेल तेव्हा ते केळीला पाणी द्यायला जायचे आणि संध्याकाळची गोळी घरी राहायची. कधी रात्री बाराला आल्यावर, कधी राहूनच जायची. लेव्हल एकदा ४, एकदा ८, एकदा ३.५. त्यांची सरासरी काढली तर पाचच्या पुढे, म्हणून कुणाला खटकलं नाही. पण लेव्हल अशी वरखाली हलत राहणं हाच धोक्याचा इशारा असतो. प्रत्येक खड्ड्यात शरीराला परकी किडनी ओळखून अँटीबॉडी बनवायला सवड मिळते.

क्रिएटिनिन दोन वर्षांत १.३ वरून १.४, १.६ आणि मग १.८ झालं. उडी कुठेच नाही. लघवीत प्रोटीन मात्र हळूहळू वाढत होतं आणि ती तपासणी दीड वर्ष झालीच नव्हती. क्रिएटिनिनच्या आधी प्रोटीन बोलतं, जुनाट अँटीबॉडीच्या रिजेक्शनमध्ये तर पुष्कळदा. बायोप्सीत ग्लोमेरुलायच्या केशवाहिन्यांची भिंत दुहेरी दिसली, त्याला रिपोर्टात `cg` म्हणतात. `C4d` पॉझिटिव्ह, व्रण मध्यम, रक्तात दात्याविरुद्धची अँटीबॉडी हजर.

इथे तीन दिवसांच्या स्टेरॉइडने क्रिएटिनिन १.८ वरून १.३ होणार नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. या प्रकारावर खात्रीचं औषध आज नाही. इंटरनेटवर वाचून येणारे महागड्या इंजेक्शनांबद्दल विचारतात. त्यातली बरीचशी तीव्र अँटीबॉडी रिजेक्शनसाठी वापरली जातात आणि व्रण पडल्यावर जंतुसंसर्गाचा धोका वाढवण्यापलीकडे फार काही देत नाहीत. आमच्या हातात जे होतं ते केलं: टॅक्रोलिमसची लेव्हल सहाच्या वर आणि स्थिर, मायकोफेनोलेट पूर्ण डोसवर, बंद झालेलं स्टेरॉइड पुन्हा ५ मिलिग्रॅम, बीपी आणि प्रोटीन दोन्हींसाठी एक गोळी. आणि संध्याकाळची एक गोळी मोटारसायकलच्या डिकीत नव्हे, कमरेच्या पाकिटात. डिकीत मे महिन्यात कॅप्सूल ठेवली तर ती तिथेच चिकटते.

सव्वा वर्ष झालं, त्यांचं क्रिएटिनिन १.९ आणि २.० च्या मधे फिरतंय, प्रोटीन निम्म्यावर आलंय. तीन महिन्यांनी प्रोटीन, क्रिएटिनिन आणि लेव्हल अशी तिन्ही एकाच दिवशी, एकाच लॅबला होतात. मधल्या काळात खोकल्यासाठी गावात क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं होतं, ते त्यांनी घेण्याआधी फोन केला. त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल दुपटीच्याही वर जाऊ शकते, म्हणून ॲझिथ्रोमायसिन दिलं. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन याच्या अगदी उलट, लेव्हल तळाला नेतं. गुडघेदुखीवर मिळणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन लेव्हलला हात लावत नाही, सरळ किडनीलाच लावतं.